रक्तातली गर्दी आणि दबलेला सिग्नल

एलसी-एमएस यंत्रावर रक्तातले औषध मोजताना होणारी सर्वांत फसवी चूक पडद्यावर दिसतच नाही. आलेखाची तळरेषा सपाट असते, औषधाचे शिखर नेमक्या वेळी आणि चांगल्या आकारात येते, शेजारी दुसरे काहीही नसते. तरी त्या शिखराचे क्षेत्रफळ असायला हवे त्याच्या निम्मे असू शकते. त्याच क्षणी स्तंभातून रक्तातलाच दुसरा एखादा पदार्थ बाहेर पडलेला असतो आणि त्याने औषधाच्या रेणूंना विद्युतभार मिळू दिलेला नसतो. या घटनेला आयन सप्रेशन म्हणतात. मोजायचा पदार्थ सोडून नमुन्यात जे जे असते, म्हणजे प्रथिने, क्षार, चरबी, इतर औषधे, ते सगळे मिळून मॅट्रिक्स. या मॅट्रिक्समुळे सिग्नलमध्ये होणारा बदल म्हणजे मॅट्रिक्स इफेक्ट. कधीकधी सिग्नल उलट वाढतोही, पण रक्ताच्या नमुन्यांत तो दबण्याचेच प्रमाण जास्त.

टॅक्रोलिमस या औषधाच्या उदाहरणावरून हा विषय चांगला उलगडतो. मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर शरीराने परके मूत्रपिंड नाकारू नये म्हणून ते रोज घ्यावे लागते. पुढचा डोस घेण्याआधी रक्तातली त्याची पातळी साधारण ५ ते १५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर इतकी हवी. नेमके लक्ष्य प्रत्यारोपणाला किती काळ झाला त्यावर ठरते. पातळी कमी पडली तर मूत्रपिंड नाकारले जाण्याचा धोका, आणि फार वाढली तर हेच औषध मूत्रपिंडाला इजा करते. प्रयोगशाळेने १० च्या जागी ७ आकडा दिला, तर डॉक्टर डोस वाढवतील आणि जे मूत्रपिंड जपायचे त्यालाच त्रास होईल. टॅक्रोलिमस मुख्यतः तांबड्या पेशींत साठते, म्हणून प्लाझ्मा नव्हे, तर पूर्ण रक्त तपासावे लागते. रक्ताच्या नमुन्यांत पूर्ण रक्तासारखा गिचमीड नमुना दुसरा नाही.

नेहमीची पद्धत अशी. ईडीटीए नळीतले ५० मायक्रोलिटर रक्त घेतात. त्यात १०० मायक्रोलिटर झिंक सल्फेटचे द्रावण घालून पेशी फोडतात, मग २५० मायक्रोलिटर अ‍ॅसिटोनायट्राइल घालून प्रथिने साकळवतात. या अ‍ॅसिटोनायट्राइलमध्ये ठरावीक प्रमाणात आंतर-मानक, म्हणजे इंटर्नल स्टँडर्ड, आधीच मिसळलेले असते. जोरात हलवून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवले की तपकिरी गाळ खाली बसतो. वरच्या नितळ द्रवातले २० मायक्रोलिटर यंत्रात जातात. तिथे सी-१८ स्तंभातून पाणी आणि मिथेनॉलचे मिश्रण वाहत असते आणि मिथेनॉलचे प्रमाण हळूहळू वाढत जाते. तेलकट स्वभावाचे पदार्थ स्तंभाला चिकटून राहतात आणि मिथेनॉल वाढल्यावर सुटतात. टॅक्रोलिमस त्याच जातीचे. स्तंभातून बाहेर पडलेल्या द्रवाचा फवारा होतो, औषधाचे रेणू अमोनियम आयन चिकटून भारित होतात आणि मास स्पेक्ट्रोमीटर त्यातून ८२१ वस्तुमानाचे आयन निवडतो, ते फोडतो आणि ७६८ वस्तुमानाचा तुकडा तेवढा मोजतो.

ही दुहेरी गाळणी इतकी काटेकोर असते की ८२१ मधून ७६८ देणारा दुसरा पदार्थ रक्तात सापडणे कठीण. म्हणूनच पडदा स्वच्छ दिसतो. पण गाळणी लागते ती आयन तयार झाल्यानंतर. आयन तयार होतानाच गडबड झाली तर गाळणीला तिचा पत्ता लागत नाही. ज्या पदार्थाने सिग्नल दाबला त्याचे वस्तुमान वेगळे असल्यामुळे तो पडद्यावर उमटतच नाही. नव्वदच्या दशकात नेमका याच ठिकाणी अनेकांचा अंदाज चुकला. यंत्र एवढे निवडक आहे, तर नमुना फार स्वच्छ कशाला करायचा आणि स्तंभावर वेळ तरी कशाला घालवायचा, असा तेव्हा समज होता. एकेका नमुन्याला एक-दोन मिनिटे पुरू लागली, औषध स्तंभात शिरताच बाहेर पडू लागले, आणि त्याच्यासोबत रक्तातले बाकी सगळेही.

गडबड फवाऱ्यात होते. या पद्धतीला इलेक्ट्रोस्प्रे म्हणतात. जैविक रेणूंसाठी ती वापरात आणल्याबद्दल जॉन फेन यांना २००२ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा वाटा मिळाला. बारीक सुईच्या टोकाला काही हजार व्होल्टचा दाब दिला की द्रवाचे भारित थेंब उडतात. गरम नायट्रोजनमध्ये विद्रावक उडून थेंब लहान होत जातात, पृष्ठभागावरचे भार एकमेकांच्या जवळ येतात, एका मर्यादेनंतर थेंब फुटतो आणि त्याचे आणखी बारीक थेंब होतात. असे होत होत अखेर मोकळे आयन हवेत येतात. थेंबाकडे असलेला भार मोजका असतो आणि तो पृष्ठभागावरच असतो. त्यामुळे पृष्ठभागाशी जागा मिळवणाऱ्या रेणूंनाच आयन म्हणून बाहेर पडता येते. मोजक्या सीटच्या एसटीत आधी घुसलेल्यांनी जागा अडवाव्यात आणि रांगेतले म्हातारे खालीच राहावेत, तसा हा प्रकार. थेंबातील एकूण पदार्थ कमी असले तर सर्वांना जागा होते. गर्दी वाढली की औषधाचे प्रमाण तेच राहूनही त्याच्या वाट्याला येणारे आयन कमी होतात. कॅनडातले पॉल केबार्ले आणि त्यांचे सहकारी यांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीलाच ही स्पर्धा मोजून दाखवली होती.

भारासाठीची स्पर्धा हे एकच कारण नाही. न उडणारे पदार्थ थेंबात साठले की थेंब नीट आटत नाही, किंवा औषध त्या चिकट अवशेषात अडकून पडते. मर्क कंपनीच्या संशोधकांनी २००० साली या यंत्रणेचा माग काढला, तेव्हा रक्ताच्या अर्कात मुख्य दोष थेंबातल्या अशा न उडणाऱ्या पदार्थांचाच निघाला. वायुरूपात आल्यावर एका रेणूने दुसऱ्याचा प्रोटॉन हिरावणे ही गोष्ट तुलनेने दुय्यम ठरली. एपीसीआय या दुसऱ्या पद्धतीत द्रव आधी वाफ होतो आणि भार नंतर मिळतो. तिथे सप्रेशन सहसा कमी असते, ते याच कारणाने. पण त्या उष्णतेत टिकणारेच रेणू तिथे चालतात.

रक्तातले मुख्य गुन्हेगार दोन. पहिले म्हणजे क्षार आणि इतर पाण्यात विरघळणारे पदार्थ. ते स्तंभाला चिकटतच नाहीत, सुरुवातीलाच एका लोंढ्यात बाहेर पडतात. दुसरे फॉस्फोलिपिड, म्हणजे पेशींच्या आवरणातली चरबी. त्यांच्यातल्या फॉस्फॅटिडिलकोलीन या गटाच्या एका टोकाला कायमचा धनभार असतो आणि दुसऱ्या टोकाला लांब तेलकट शेपट्या. पृष्ठभागावर जागा पकडण्यासाठी याहून सोयीची रचना नसेल. अ‍ॅसिटोनायट्राइलने प्रथिने खाली बसतात, पण फॉस्फोलिपिड बऱ्याच प्रमाणात वरच्या नितळ द्रवातच राहतात. मिथेनॉलने साकळवले तर आणखी जास्त. नळीतला द्रव काचेसारखा स्वच्छ दिसतो आणि त्याच दिसण्यावर विश्वास ठेवला जातो. ही चरबी टॅक्रोलिमससारखीच स्तंभाला घट्ट धरून राहते आणि मिथेनॉल वाढले की त्याच सुमारास सुटू लागते. याशिवाय रक्ताच्या नळीतले हेपॅरिन, इंजेक्शनात औषध विरघळवायला वापरलेले पॉलिएथिलिन ग्लायकॉल किंवा ट्वीन-८०, रुग्ण घेत असलेली इतर औषधे, यांपैकी काहीही अडथळा ठरू शकते.

न दिसणारी गोष्ट दिसायची तर प्रश्न उलटा विचारावा लागतो. औषध रक्तासोबत स्तंभातून पाठवायचे आणि त्याचे शिखर बघायचे, ही नेहमीची रीत. त्याऐवजी औषधाचा सिग्नल सतत एकसारखा चालू ठेवायचा आणि स्तंभातून फक्त औषधविरहित रक्ताचा अर्क पाठवायचा. अर्कातला जो पदार्थ ज्या क्षणी सिग्नल दाबेल, त्या क्षणी सरळ रेषेत खड्डा पडेल. ही पोस्ट-कॉलम इन्फ्युजनची युक्ती. बॉनफिग्लिओ, किंग आणि मर्कमधल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये ती प्रसिद्ध केली आणि नमुना तयार करण्याच्या निरनिराळ्या रीतींची तुलना तिच्या आधारे केली. अ‍ॅसिटोनायट्राइलने नुसती प्रथिने साकळवलेल्या अर्काने सर्वांत मोठा खड्डा पाडला, तर ईथर वर्गातल्या विद्रावकाने काढलेल्या अर्काने सर्वांत छोटा.

जुळणीला खास काही लागत नाही. स्तंभ आणि फवाऱ्याची सुई यांच्यामध्ये टी आकाराचा छोटा जोड बसवतात. त्याच्या एका तोंडाला स्तंभाचा प्रवाह, दुसऱ्याला सिरिंज पंप, आणि तिसऱ्यातून दोन्ही एकत्र होऊन मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये जातात. स्तंभाचा प्रवाह मिनिटाला ४०० मायक्रोलिटर असेल तर सिरिंजमधून १० मायक्रोलिटर पुरे. त्याने मूळ प्रवाहाच्या रचनेत फारसा फरक पडत नाही.

सिरिंजमध्ये औषध किती तीव्रतेचे भरायचे, हा या प्रयोगातला खरा निर्णय, आणि तो बहुतेक वेळा सवयीने घेतला जातो. टॅक्रोलिमससाठी हिशोब करून पाहता येतो. रक्तातली पातळी १० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर असेल तर ५० मायक्रोलिटर रक्तात अर्धा नॅनोग्रॅम, म्हणजे ५०० पिकोग्रॅम औषध असते. ते एकूण ४०० मायक्रोलिटरमध्ये पसरले आणि त्यातले २० मायक्रोलिटर यंत्रात गेले, तर स्तंभावर सुमारे २५ पिकोग्रॅम पोचतात. हे शिखर सहा सेकंद रुंद असेल, तर त्या काळात मिनिटाला सरासरी २५० पिकोग्रॅम आणि शिखराच्या टोकाशी त्याच्या साधारण दुप्पट, म्हणजे मिनिटाला ५०० पिकोग्रॅम या वेगाने औषध फवाऱ्यात जाते. सिरिंजमधून तोच वेग हवा, तर १० मायक्रोलिटरमध्ये ५०० पिकोग्रॅम, म्हणजे ५० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरचे द्रावण भरावे लागेल. एखाद्याने सरळसोट रेषा मिळावी म्हणून यापेक्षा वीसपट तीव्र द्रावण भरले, तर रेषा देखणी येते खरी, पण थेंबात औषधाचीच गर्दी होते, काही वेळा डिटेक्टरही भरून जातो, आणि खरा खड्डा उथळ दिसतो. फार पातळ द्रावण घेतले तर रेषेच्या थरथरीत खड्डा हरवतो. रेषेतली थरथर कमी करायला द्रावण तीव्र करण्याऐवजी सिरिंज बदलणे, पंपाचा ठोका तपासणे हे उपाय आधी करावेत.

सिरिंज चालू करून रेषा स्थिर झाली की आधी रक्ताशिवायचा कोरा नमुना सोडायचा: झिंक सल्फेट आणि अ‍ॅसिटोनायट्राइल तेच, रक्ताच्या जागी पाणी. ही रेषाही सपाट नसते. मिथेनॉल वाढत जाते तसा फवारा सुधारतो आणि सिग्नल सावकाश चढतो. तो चढ मॅट्रिक्सचा नव्हे. त्यानंतर टॅक्रोलिमस न घेणाऱ्या दात्याच्या रक्ताचा अर्क त्याच पद्धतीने सोडायचा. दोन्ही रेषा एकमेकींवर ठेवल्यावर जिथे रक्ताची रेषा खाली जाते तिथे सप्रेशन, आणि जिथे वर जाते तिथे वाढ. एकाच दात्याच्या रक्तावर भागवू नये. निदान सहा वेगवेगळ्या दात्यांच्या रेषा एकावर एक ठेवल्या की कुठे सगळ्यांचे एकमत आहे आणि कुठे रेषा फाकतात ते नजरेला येते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. त्याचे कारण पुढे येईल.

पाच सेंटिमीटर लांब आणि २.१ मिलिमीटर रुंद स्तंभावर ४०० मायक्रोलिटरच्या वेगाने नमुनेदार आलेख कसा दिसेल ते पाहू. साधारण २० सेकंदांनी, म्हणजे न चिकटणारे पदार्थ जेव्हा बाहेर पडतात तेव्हा, एक खोल आणि अरुंद खड्डा पडतो. तो क्षारांचा, इतका हमखास की तो दिसला नाही तर जुळणीतच काहीतरी चुकले आहे असे समजावे. मग रेषा पुन्हा वर येऊन कोऱ्या नमुन्याच्या रेषेला मिळते. पुढे मिथेनॉल चढल्यावर एक रुंद, उतरत्या कडांचा खड्डा सुरू होतो. त्याच्या अलीकडच्या काठावर एक शेपटी तुटलेले लायसोफॉस्फोलिपिड असतात, आणि पलीकडे दोन्ही शेपट्या शाबूत असलेले फॉस्फॅटिडिलकोलीन. आता या आलेखावर औषधाच्या शिखराची वेळ उभ्या रेघेने आखायची. रेघ खड्ड्याबाहेरच्या पठारावर पडली तर पद्धत ठीक. ती खड्ड्याच्या उतारावर पडली तर पद्धत बदलावी लागेल, कारण उतारावर काही सेकंदांच्या फरकाने सप्रेशन झपाट्याने बदलते. खड्ड्याचा तळ एकवेळ परवडला, पण उतार नको.

खड्ड्यातला पदार्थ फॉस्फोलिपिडच आहे का, हे त्याच फेरीत तपासता येते. फॉस्फोकोलीन या टोकाच्या तुकड्याचे वस्तुमान १८४ असते. त्यामुळे औषधाच्या जोडीला १८४ चा सिग्नलही नोंदवला, तर खड्डा पडतो तिथेच त्या सिग्नलचा डोंगर उभा राहिलेला दिसतो. दोन्ही एकमेकांसमोर आले की गुन्हेगाराची ओळख पटते. खड्डा आहे पण डोंगर नाही, असे दिसले तर शोध दुसरीकडे घ्यावा लागतो: विद्रावकाची नवी बाटली, प्लास्टिकच्या नळ्यांतून झिरपणारे पदार्थ, रक्ताच्या नळीतली भर.

एक प्रकारचा खड्डा मात्र नेहमीच्या फेरीत निसटतो. तीन मिनिटांची फेरी असेल आणि स्तंभ धुवायला शेवटी अर्धेच मिनिट ठेवले असेल, तर जास्तीत जास्त तेलकट फॉस्फॅटिडिलकोलीन त्या फेरीत सुटत नाहीत. ते दोन-चार फेऱ्यांनंतर, भलत्याच नमुन्याच्या मध्यावर बाहेर पडतात. परिणामी पहिला नमुना बरोबर येतो, पाचवा चुकतो, आणि तोच पाचवा नमुना एकटा पुन्हा चालवला की बरोबर येतो. अशा चुका यंत्राच्या लहरीवर ढकलल्या जातात. हे पकडण्यासाठी रक्ताचा अर्क एकदा सोडून त्यानंतर इन्फ्युजन बंद न करता सलग कोरे नमुने चालवत राहावे लागते. खड्डा तिसऱ्या किंवा चौथ्या कोऱ्या नमुन्यात उगवला, तर धुण्याचा वेळ वाढवण्यावाचून गत्यंतर नसते.

प्रयोगात फसगती होतात त्या साध्याच असतात. बऱ्याच यंत्रांवर सुरुवातीचा अर्धा-पाऊण मिनिटाचा प्रवाह कचऱ्याच्या बाटलीत वळवणारा व्हॉल्व्ह असतो. टी-जोड त्या व्हॉल्व्हच्या आधी बसवला तर सिरिंजमधले औषधही कचऱ्यात जाते, रेषा शून्यावर येते आणि त्यालाच सप्रेशन समजले जाते. टी-जोडात रिकामी जागा जास्त असेल तर खड्डे पसरट आणि किंचित उशिरा दिसतात. आणि प्रयोग संपल्यावर नळ्या, टी-जोड, फवाऱ्याचे टोक, सर्वत्र टॅक्रोलिमस चिकटलेले असते. ते धुऊन कोरे नमुने स्वच्छ येईपर्यंत रुग्णांचे नमुने लावायचे नाहीत, नाहीतर औषध न घेणाऱ्याच्या रक्तातही औषध सापडेल.

इन्फ्युजनवरून खड्डा कुठे आहे ते कळते. मोजणी किती बिघडते हे मात्र त्यातून नेमके ठरत नाही. त्यासाठी मर्कमधल्याच मॅतुशेव्स्की यांनी सहकाऱ्यांसह २००३ मध्ये मांडलेली तीन संचांची रीत वापरतात. संच अ मध्ये औषध शुद्ध विद्रावकात; संच ब मध्ये कोऱ्या रक्ताचा अर्क आधी तयार करून मग त्यात तेवढेच औषध; संच क मध्ये औषध आधी रक्तात घालून मग पूर्ण प्रक्रिया. समजा अ चे क्षेत्रफळ ८०,०००, ब चे ५६,००० आणि क चे ५०,४०० आले. ब भागिले अ म्हणजे ७० टक्के: मॅट्रिक्समुळे ३० टक्के सिग्नल दबला. क भागिले ब म्हणजे ९० टक्के: अर्क काढताना फक्त १० टक्के औषध गेले. संच ब केलाच नसता तर अ आणि क यांच्यातली ३७ टक्क्यांची तूट सगळी अर्क काढण्याच्या माथी मारली गेली असती, आणि जिथे दोष नाही तिथे सुधारणा करण्यात आठवडे गेले असते.

आता रेषा फाकण्याचा मुद्दा. सर्व रुग्णांच्या रक्तात सिग्नल सारखाच ३० टक्के दबत असता, तर फारसे बिघडले नसते. कारण मापनाची पट्टी, म्हणजे ज्ञात प्रमाणाचे कॅलिब्रेटर, तेही रक्तातच तयार केलेले असतात. त्यांचाही सिग्नल तितकाच दबतो आणि चूक आपोआप कटते. चूक उरते ती फरकामुळे. कॅलिब्रेटरच्या रक्तात २० टक्के सप्रेशन असेल आणि एखाद्या रुग्णाच्या रक्तात ४० टक्के, तर ८० ऐवजी ६० भाग सिग्नल मिळतो आणि खऱ्या १० च्या जागी ७.५ हा आकडा अहवालात जातो. त्यातून कॅलिब्रेटर अनेकदा प्रक्रिया करून वाळवलेल्या रक्ताचे असतात, म्हणजे रुग्णाच्या ताज्या रक्ताशी त्यांचे साम्य आधीच कमी.

हा फरक भरून काढण्यासाठी आंतर-मानक असते. औषध आणि आंतर-मानक यांच्या सिग्नलचे गुणोत्तर घेतले, की दोघांवर सारखाच परिणाम झाला असेल तर तो निघून जातो. टॅक्रोलिमससाठी पूर्वी अ‍ॅस्कोमायसिन हे त्याचे भावंड सर्रास वापरत. त्याची रचना जवळपास तीच, पण स्तंभातून सुटण्याची वेळ थोडी वेगळी असू शकते. औषध खड्ड्याच्या उतारावर आणि अ‍ॅस्कोमायसिन पठारावर अशी स्थिती आली तर गुणोत्तर उलट चुकीला झाकून टाकते. म्हणून आज औषधाचाच कार्बन-१३ किंवा ड्युटेरियम घातलेला जड रेणू पसंत करतात. तोही डोळे मिटून वापरायचा नाही. ड्युटेरियमचे अणू जास्त असले तर जड रेणू स्तंभातून काही सेकंद आधी सुटतो. कार्व्हेडिलॉल या रक्तदाबाच्या औषधाबाबत २००७ मध्ये असे आढळले की काही विशिष्ट प्लाझ्मांमध्ये एवढ्या छोट्या फरकानेही औषध आणि त्याचा ड्युटेरियमयुक्त जोडीदार यांच्यावरचे सप्रेशन वेगवेगळे झाले आणि गुणोत्तर बिघडले. कार्बन-१३ घातलेला रेणू मूळ औषधासोबतच सुटतो, मात्र तो महाग पडतो. दबून गोंगाटात बुडालेला सिग्नल मात्र कोणतेही आंतर-मानक परत आणू शकत नाही.

नियामक संस्थांच्या कसोट्याही फरकावरच बोट ठेवतात. युरोपीय औषध संस्थेच्या २०११ च्या मार्गदर्शिकेनुसार निदान सहा दात्यांच्या रक्तात आंतर-मानकाने भागलेला मॅट्रिक्स गुणक काढावा लागे आणि त्याचा विचरण गुणांक १५ टक्क्यांच्या आत असावा लागे. समजा टॅक्रोलिमसचे सहा गुणक ०.७४, ०.७०, ०.६८, ०.७२, ०.४९ आणि ०.७१ आले. सरासरी ०.६७, विचरण गुणांक सुमारे १४ टक्के, पद्धत उत्तीर्ण. पण पाचव्या दात्याचा आकडा इतर पाचांच्या सरासरीपेक्षा ३१ टक्क्यांनी खाली आहे. तो रुग्ण असता तर त्याच्या १० चे ७ झाले असते. २०२२ मध्ये स्वीकारलेल्या आयसीएच एम-१० या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने इथे नियम कडक केला: सहापैकी प्रत्येक दात्याच्या रक्तात, कमी आणि जास्त अशा दोन्ही पातळ्यांवर, मिळालेला आकडा खऱ्या आकड्याच्या १५ टक्क्यांच्या आत हवा. सरासरीच्या आड एकट्यादुकट्याची चूक लपवण्याची सोय त्यात उरत नाही. तांबड्या पेशी फुटलेले किंवा चरबीने दुधाळ झालेले प्लाझ्मा वेगळे तपासण्याची अपेक्षाही त्यात आहे. वरच्या उदाहरणातला पाचवा दाता बहुधा असाच, जेवणानंतर रक्त दिलेला किंवा रक्तातली चरबी वाढलेला असणार.

असा दाता सापडला की उपायांचा क्रमही ठरलेला असतो. सर्वांत स्वस्त उपाय स्तंभावर: मिथेनॉलचा चढ सौम्य करून किंवा स्तंभ बदलून औषधाची वेळ खड्ड्यापासून दूर न्यायची. फेरी एक-दीड मिनिटाने लांबते एवढीच किंमत. ते जमले नाही तर नमुना अधिक स्वच्छ करायचा: न मिसळणाऱ्या विद्रावकात औषध ओढून घ्यायचे, किंवा झिरकोनियाचा थर असलेल्या गाळणीतून अर्क काढायचा. झिरकोनिया फॉस्फोलिपिडचा फॉस्फेट भाग धरून ठेवतो आणि औषध पुढे जाऊ देतो. यंत्र पुरेसे संवेदनशील असेल तर अर्क पातळ करणे किंवा २० ऐवजी ५ मायक्रोलिटर सोडणे हाही उत्तम मार्ग आहे; थेंबातली गर्दीच कमी होते. अनेक प्रयोगशाळा तो शेवटी आठवतात, खरे तर आधी करून पाहावा.

प्रत्येक बदलानंतर सिरिंज पुन्हा टी-जोडाला लागते आणि सहा दात्यांच्या रेषा पुन्हा काढल्या जातात. पुढेही स्तंभाचा नवा साठा आला, रक्त घेण्याच्या नळ्यांचा पुरवठादार बदलला, किंवा आंतर-मानकाचे क्षेत्रफळ एखाद्या नमुन्यात इतरांच्या निम्मे दिसले, तर तोच प्रयोग काढावा लागतो. यांतली शेवटची खूण सर्वांत कामाची, कारण ती रोजच्या प्रत्येक नमुन्यात आयती मिळते. निकालाचा आकडा कितीही ठीक दिसो, आंतर-मानक दबलेला नमुना पातळ करून पुन्हा चालवायचा. पातळ केल्यावर हिशोबाने येणारा आकडा पहिल्याशी जुळला तर तो खरा. वाढला तर पहिला दबलेला होता.